पथारीवाल्यांच्या माल-जप्तीवरचं डेझर्टेशन: सर्वे की मुलाखती? फिल्डवर्कच्या नोंदी

12 जुलै

विषय मंजूर झाला. रस्त्यावर विक्री करणाऱ्यांना स्थानिक यंत्रणांकडून होणारा त्रास, शहर पुणे, एमए समाजशास्त्र दुसरं वर्ष. मॅडमनी लगेच विचारलं की सर्वे करणार की मुलाखती, ते ठरवून ये मग पुढचं बोलू. वर्गात बहुतेक जण सर्वेच करतायत, टेबलं होतात, व्हायवाला आकडे दाखवता येतात, आणि वेळेत संपतं. माझाही कल सध्या तिकडेच आहे.

आधी विषय बारीक केला. त्रास म्हटलं की त्यात शिवीगाळ आली, हप्ता आला, जागेवरून हुसकावणं आलं, माल उचलणं आलं. सगळं घेतलं तर कशातच खोलवर जाता येणार नाही, म्हणून फक्त माल आणि गाडी उचलून नेण्यावर थांबायचं ठरवलं. जप्तीला तारीख असते, माल असतो, पावती असते किंवा नसते, आणि कायद्यात नेमकं काय व्हायला हवं ते लिहिलेलं आहे. पथविक्रेता कायदा 2014 चं कलम 19 सांगतं की जप्त केलेल्या मालाची यादी करायची आणि त्यावर सही करून एक प्रत विक्रेत्याला द्यायची. मग विक्रेत्याने माल मागितला की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत सोडायचा. त्यामुळे काय व्हायला हवं होतं आणि काय झालं हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

19 जुलै

प्रश्नावली तयार केली, 32 प्रश्न, पण ती कोणाला विचारायची तिथेच अडकले. सर्वेला आधी यादी लागते, जिच्यातून माणसं निवडायची. पालिकेकडे असलेली यादी ही रस्त्यावर विक्री करायचं प्रमाणपत्र मिळालेल्यांची, आणि ज्यांचा माल जास्त उचलला जातो ते बरेचसे प्रमाणपत्र नसलेले किंवा प्रमाणपत्रावर एक जागा आणि धंदा दुसऱ्या जागी असे. म्हणजे यादी धरून निवड केली तर ज्यांच्याबद्दल लिहायचंय तेच बाहेर राहतात.

दुसरा मार्ग म्हणजे रस्ता ठरवायचा, एका टोकापासून चालायचं आणि दर तिसऱ्या विक्रेत्याला विचारायचं. हे करता येतं. पण सकाळी 8 ला बसणारे वेगळे, संध्याकाळी 6 नंतर येणारे वेगळे, रविवारचे वेगळे, म्हणून एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या वेळी जावं लागतं. कॅम्पचा भाग सोडून दिला कारण तिथे कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द, यंत्रणाच वेगळी. पिंपरी-चिंचवडही त्याच कारणाने नाही. रस्त्यांची नावं मी इथे लिहिणार नाहीये आणि डेझर्टेशनमध्येही लिहिणार नाहीये, कारण चार पथाऱ्या असलेल्या कोपऱ्याचं नाव लिहिलं की माणूस लगेच ओळखू येतो.

27 जुलै

पायलट केला. 20 फॉर्म भरले. निकाल बघून सर्वेवरचा विश्वास बराच हलला.

प्रश्न 14 असा होता: "गेल्या 12 महिन्यांत अधिकारी किंवा कर्मचाऱ्यांकडून तुम्हाला त्रास झाला का?" 20 पैकी 15 जणांनी नाही सांगितलं. फॉर्म संपला, फोन खिशात गेला, आणि त्यातल्याच एका पेरूवाल्या मावशी म्हणाल्या, "त्रास कसला पोरी, गाडी येते, घेऊन जाते, आपण सोडवून आणायचं, चालायचंच." म्हणजे वजनकाटा दोनदा गेलाय आणि फॉर्मवर उत्तर "नाही". ज्याच्या आयुष्यात ही गोष्ट नेहमीची आहे तो तिला त्रास म्हणून वेगळी काढत नाही, आणि अनोळखी मुलगी हातात फॉर्म घेऊन उभी असताना तर मुळीच नाही.

दुसरी गडबड जास्त खोल आहे. फॉर्म घेऊन आलेला माणूस म्हणजे पालिकेचा किंवा कर्जाचा, असंच सगळे धरून चालतात. कायद्याप्रमाणे पाच वर्षांतून एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, त्याच्यावर प्रमाणपत्र ठरतं, आणि 2020 पासून पीएम स्वनिधीच्या कर्जासाठीही कागद गोळा होत होते. त्यामुळे "इथे किती वर्षं बसता" याला उत्तर येतं वीस, पंचवीस. शेजारचा हसून सांगतो की हा आत्ता दोन वर्षांपूर्वी आला. खोटं बोलण्याची हौस नाहीये कुणाला, जुना म्हणून नोंद झाली तर जागा टिकेल हा साधा हिशोब आहे. मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं, हे सरकारी नाही असं तीन-तीनदा सांगितलं, तरी एका काकांनी विचारलंच, "मग नाव कुठल्या यादीत लावणार?"

आणि शेजारी ऐकतात. दोन पथाऱ्यांमध्ये हातभर अंतर, गिऱ्हाईक मध्येच भाव विचारतं, 32 प्रश्नांना पाऊण तास लागला. पैसे देता का हा प्रश्न उघड्यावर विचारायचाच नाही हे पहिल्या तीन फॉर्ममध्येच कळलं, कारण पैसे गोळा करणारा माणूसही बऱ्याचदा तिथेच आसपास असतो.

3 ऑगस्ट

प्रश्न बदलले. त्रास झाला का हे पूर्ण काढून टाकलं, त्याऐवजी घडलेली गोष्ट विचारली. माल उचलणारी गाडी शेवटची कधी आली? तुमचं काय उचललं? कागद दिला का? परत मिळालं का, कितव्या दिवशी? नवीन 15 जणांना विचारलं, आणि 15 पैकी 11 जणांनी वर्षभरातली एक तरी जप्ती सांगितली. रस्ते तेच, वेळा त्याच. कुणी सर्वेच करणार असेल तर एवढं एक लक्षात ठेवा, मत विचारू नका, घटना विचारा.

तारखांसाठी महिना विचारून उपयोग नाही, कुणालाच नक्की आठवत नाही. पालखीच्या आधी का नंतर, गणपतीत का दिवाळीत, असं विचारलं की लगेच आठवतं. नाहीतर दीड वर्षापूर्वीची मोठी जप्तीसुद्धा "आत्ताच झाली" म्हणून 12 महिन्यांत येऊन बसते.

म्हणजे सर्वे सुधारता येतो. मग मुलाखती कशाला, हा प्रश्न मॅडमनी विचारला आणि तो बरोबर होता. त्यावर बसले.

10 ऑगस्ट

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडे गेले होते. माझा प्लॅन 6 रस्ते, प्रत्येकी 20 विक्रेते, एकूण 120. पुस्तकातला नेहमीचा हिशोब सांगतो की 120 जणांत साधारण 9 टक्क्यांची चूक इकडे-तिकडे, म्हणजे 50 टक्के आलं तर खरं 41 ते 59 मध्ये कुठेतरी. हे चाललं असतं.

पण सरांनी विचारलं की गाडी येते तेव्हा एकाचा माल उचलते का सगळ्या रस्त्याचा? सगळ्या रस्त्याचा. मग तुझे 20 जण हे 20 वेगळे अनुभव नाहीत, एकाच दुपारच्या एकाच गाडीचे 20 साक्षीदार आहेत. त्याचा हिशोब असा. एका रस्त्यावरच्या लोकांचे अनुभव किती सारखे आहेत त्याचा एक आकडा धरतात, 0 म्हणजे काहीच साम्य नाही, 1 म्हणजे सगळ्यांचं एकच. समजा 0.2 धरला, जो अशा विषयात काही जास्त नाहीये. मग:

```
1 + (20 − 1) × 0.2 = 4.8
120 ÷ 4.8 = 25
```

माझे 120 फॉर्म म्हणजे प्रत्यक्षात 25 सुट्या माणसांएवढी माहिती. 25 वर चूक जवळपास 20 टक्के इकडे-तिकडे, म्हणजे 50 टक्के आलं तर खरं 30 पासून 70 पर्यंत कुठेही असू शकतं. असा आकडा टेबलात छान दिसेल पण त्याच्यावरून काहीच म्हणता येणार नाही. ही चूक कमी करायची तर प्रत्येक रस्त्यावर जास्त माणसं घेऊन भागत नाही, रस्तेच जास्त घ्यावे लागतात, 30 रस्ते आणि प्रत्येकी 4 जण असं काहीतरी. एकटीने, वेगवेगळ्या वेळी, पावसाळ्यात, एका सेमिस्टरमध्ये हे मला जमणार नाही.

माझ्यासाठी सर्वेचा निकाल इथे लागला. वरचं सगळं, म्हणजे भीती, शेजारी, फॉर्मचा धसका, यांच्यावर काही ना काही इलाज आहे, पण हा हिशोब चुकवता येत नाही. "किती टक्के लोकांचा माल जप्त होतो" हा प्रश्न माझ्या हातात असलेल्या साधनांनी सुटणारा नाही. "जप्ती झाली की त्या माणसाला नेमकं कशाकशातून जावं लागतं" हा सुटू शकतो.

18 ऑगस्ट

नैतिक मान्यतेच्या समितीपुढे गेले. त्यांचा छापील नमुना म्हणतो प्रत्येकाची लेखी संमती आणि सही. मी तोंडी संमती मागितली आणि कारण लिहून दिलं, तेच इथे देतेय कारण बऱ्याच जणांना हे लागेल.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली बदल झाला, तेव्हापासून लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सूट आहे, पण त्यासाठी सात दिवसांत पोलिसांत किंवा तपास यंत्रणेकडे कळवावं लागतं, आणि रस्त्यावरचा कुठला माणूस ते करणार? म्हणजे एखाद्या काकांनी मला सांगितलं की महिन्याला अमुक देतो, आणि माझ्याकडे त्यांची सही, नाव आणि आवाज तिन्ही आहे, तर मी त्यांच्याविरुद्धचा पुरावा घरात ठेवलाय. विद्यार्थ्याच्या नोंदींना कायद्याचं काही संरक्षण नाही, मागितल्या तर द्याव्या लागतील. म्हणून सही नाही, नाव नाही, फक्त क्रमांक. मी संमतीचा मजकूर वाचून दाखवणार, ते हो म्हणणार, मी तारीख टाकणार. पैशांचा विषय निघाला की रेकॉर्डर बंद, आणि तेवढा भाग हाताने, रक्कम आणि कोणाला हे मोघम लिहून.

समितीने मान्य केलं, एक अट घालून की फोन नंबर आणि क्रमांकांची वही वेगळ्या जागी ठेवायची. पायलटला मी फोनवर फॉर्म भरायचं कोबोटूलबॉक्स वापरलं होतं, त्यात फॉर्मसोबत `deviceid`, `phonenumber` अशी माहिती आपोआप घ्यायची सोय असते. ती सेटिंगमध्ये बंद केली होती आणि लोकेशनचा प्रश्न ठेवलाच नव्हता. तुम्ही वापरणार असाल तर पहिला फॉर्म भरायच्या आधी हे बघा, नंतर नाही.

25 ऑगस्ट

पहिली पूर्ण मुलाखत. सव्वा तास. गाडीजवळ नाही, त्यांच्या घरी, रात्री साडेनऊला, त्यांच्या मुलीशी आधी बोलून.

क-3, कांदे-बटाटे आणि टोमॅटोची हातगाडी. पहाटे मार्केट यार्डातून 2,600 रुपयांचा माल भरला. गाडी आली दुपारी साडेचारला, तोवर साधारण 900 चा माल विकला गेला होता, म्हणजे 1,700 चा हातगाडीवर. हातगाडीसकट उचललं. यादी केली नाही, कागद दिला नाही, गोडाऊनला या म्हणाले. गोडाऊनला गेल्यावर कळलं की आधी कार्यालयात पावती फाडायची. तोवर कार्यालय बंद. दुसऱ्या दिवशी साहेब बाहेर. तिसऱ्या दिवशी पावती फाडली 2,000 ची, हातगाडी मिळाली, टोमॅटो गेले होते, कांदे कमी होते, आणि यादीच नसल्यामुळे कमी आहेत हे म्हणायलाही काही आधार नाही. हातगाडी परत आणायला टेम्पो 400. मधले दोन दिवस धंदा नाही, रोजचे सुटणारे 600 धरले तर 1,200.

पावतीचे 2,000 जवळ नव्हते. रोजच्या वसुलीवाल्याकडून कर्ज घेतलं, नावावर 5,000, हातात 4,500, आणि 50 दिवस रोज 100 परत. म्हणजे वर 500 व्याज.

बेरीज केली. उरलेला माल जवळजवळ सगळाच वाया गेला, तो 1,700, पावती 2,000, टेम्पो 400, बुडालेले दोन दिवस 1,200, व्याज 500, एकूण 5,800. माझ्या सर्वेच्या फॉर्मवर "दंड किती भरला" या चौकटीत 2,000 लिहिलं गेलं असतं, आणि ते खरंच असतं, पण घडलं त्याच्या साधारण एक तृतीयांश. अजून चार चौकटी वाढवून हे मिळालं असतं का? टेम्पोचं आणि कर्जाचं मला आधी माहीतच नव्हतं, तर चौकट कशी करणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी रेकॉर्डर बंद असताना सांगितलं. त्या रस्त्यावर काही जण महिन्याला पैसे देतात. मी समजत होते की पैसे दिले की माल उचलत नाहीत. तसं नाहीये. गाडी आली की सगळ्यांचंच उचलते, पैसे देणाऱ्याला फक्त अर्धा तास आधी फोन येतो. त्या अर्ध्या तासात तो माल गल्लीत आत नेतो. ज्याच्याकडे आत न्यायला जागाच नाही, म्हणजे ओळखीचं दुकान नाही, सोसायटीचा वॉचमन ओळखीचा नाही, त्याला फोन आला तरी उपयोग नाही म्हणून तो देतही नाही. त्यामुळे पैसे देणारा आणि न देणारा हा फरक मुळात आडोसा असलेला आणि नसलेला असा आहे. बायका यात मागे पडतात कारण पाट्या आणि पोतं एकटीने अर्ध्या तासात हलत नाही. हा सगळा माझ्या विश्लेषणाचा कणा होणार असं वाटतंय, बाकीच्या मुलाखतींत जुळतंय का ते बघायचं.

2 सप्टेंबर

गणपती तोंडावर आलेत, धंद्याचे दिवस, कुणालाच वेळ नाही आणि मागूही नये. मुलाखती थांबवल्या. दोन रस्त्यांवर संध्याकाळी नुसतं बसून बघितलं की इशारा कसा पसरतो. फोन येतो एकालाच, पण त्याने आवरायला घेतलं की शेजारचे बघून आवरतात, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचायला काही मिनिटं जातात आणि टोकाचे सापडतात. बसायची जागा कुठली यावर किती अवलंबून आहे हे मुलाखतीत कुणी सांगितलं नव्हतं.

21 सप्टेंबर

परत सुरू. एक अडचण सारखी येतेय, कोणी उचललं हे विक्रेत्यांना नक्की माहीत नसतं. अतिक्रमणवाले, वाहतूक पोलीस, पोलीस चौकीचे, कचऱ्याचा दंड करणारे, सगळे "गाडीवाले" नाहीतर "साहेब". त्यात गाडीवर माल चढवणारी पोरं कंत्राटी, त्यांना गणवेश असेलच असं नाही. सर्वेत "कोणत्या यंत्रणेने कारवाई केली" याला मी चार पर्याय दिले होते, आणि लोक पहिला पर्याय सांगून मोकळे होत होते. आता उलट विचारते. गाडीचा रंग काय, तिच्यावर काय लिहिलं होतं, अंगावर कपडे कुठले, पावती कुठल्या कार्यालयाची, माल सोडवायला कुठे जावं लागलं. शेवटच्या प्रश्नावरून बहुतेक वेळा नक्की होतं.

पावती दाखवा म्हणते, फोटो काढत नाही, तारीख आणि रक्कम लिहून घेते. तोंडी सांगितलेली तारीख आणि पावतीवरची तारीख यात एका केसमध्ये पाच महिन्यांचा फरक निघाला. रक्कम मात्र जवळपास सगळ्यांची तंतोतंत बरोबर असते, एकदा दिलेले पैसे माणूस विसरत नाही. म्हणून ठरवलं की रक्कम तोंडी असली तरी धरायची, तारीख पावती असेल तरच धरायची, नाहीतर फक्त "गणपतीच्या आसपास" असं लिहायचं.

मुलाखत मोकळी असली तरी शेवटी एक पानी घटनापत्रक भरते. काय उचललं, अंदाजे किंमत, यादी दिली का, कितव्या दिवशी परत मिळालं, काय कमी होतं, पावती, बिनपावतीचं, वाहतूक, बुडालेले दिवस, पैसे कुठून आणले. गप्पांतून आलेलंच असतं, पण पत्रक भरताना सुटलेलं लक्षात येतं, आणि पुढे केसेस एकमेकींशेजारी ठेवता येतात. सुरुवातीलाच पत्रक काढलं तर पायलटसारखंच होतं, सगळे सावध. शेवटी काढलं तर स्वतःच सांगतात की हे पण लिही.

6 ऑक्टोबर

"किती" या प्रश्नाचं काय करायचं, मॅडम सोडत नाहीयेत. त्यासाठी माहितीचा अधिकार वापरला. क्षेत्रीय कार्यालयांकडे मागितलं की गेल्या तीन वर्षांत महिन्यानुसार किती जप्त्या, किती दंड वसूल, किती प्रकरणांत मालाची यादी दिली, किती माल परत केला आणि कितव्या दिवशी. फी 10 रुपये. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अर्ज छोटा ठेवा, प्रस्तावना लिहू नका, थेट नोंदवही मागा. उत्तराची मुदत 30 दिवस.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते. नोंदवहीत फक्त पावती झालेली जप्ती येणार. माल सोडवायला कुणी गेलंच नाही, किंवा जागेवरच मिटलं, ते तिथे नसणार. त्यामुळे हा आकडा म्हणजे कमीत कमी एवढं तरी झालं, इतकंच. पण तो सगळ्या रस्त्यांचा असेल, माझ्या 120 फॉर्मपेक्षा त्याची मर्यादा कुठे आहे हे मला नीट माहीत आहे, आणि मुलाखतींवरून सांगता येतं की काय सुटतं.

20 ऑक्टोबर

आत्तापर्यंतचे सगळे असे आहेत जे अजून रस्त्यावर आहेत. ज्यांनी जप्तीनंतर धंदाच सोडला ते रस्त्यावर सापडणारच नाहीत, सर्वेत तर नाहीच नाही, आणि कदाचित सगळ्यात जास्त त्यांचंच गेलं असेल. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी एक प्रश्न वाढवला: तुमच्याशेजारी आधी कोण बसायचं, आता कुठे असतात? त्यातून तिघांपर्यंत पोचले. एक ताई आता धुणीभांडी करतात. त्यांचं एकदाच उचललं होतं, फार मोठी रक्कमही नव्हती, पण भांडवल तेवढंच होतं आणि ते कर्जाचं होतं. रक्कम लहान-मोठी असण्यापेक्षा ती त्या माणसाच्या भांडवलाचा किती हिस्सा होती हे विचारायला हवं, म्हणून पत्रकात ती ओळ घातली आणि आधीच्यांना फोन करून विचारून घेतली.

विक्रेत्यांच्या संघटनेकडूनही नावं मिळाली, त्यांची मदत मोठी आहे. पण संघटनेतले लोक बोलायला सरावलेले असतात, कलमं पाठ असतात, आणि गाडी आली तर ते यादी मागतात, म्हणजे त्यांच्याशी वागणूकही वेगळी होते. म्हणून एकूण मुलाखतींत त्यांना एक तृतीयांशच्या वर जाऊ दिलं नाही आणि विश्लेषणात वेगळं ठेवलंय.

9 नोव्हेंबर

22 मुलाखतींवर थांबले. शेवटच्या चार-पाचांत जप्तीनंतरच्या साखळीत नवीन काही आलं नाही, तेच टप्पे, फक्त आकडे वेगळे. इशाऱ्याच्या फोनचं मात्र सगळ्या रस्त्यांवर जुळलं नाही. दोन रस्त्यांवर फोन नाहीच, तिथे शेजारचे दुकानदारच तक्रार करून गाडी बोलावतात असं विक्रेते सांगतात. हे दोन्ही वेगवेगळे प्रकार म्हणून लिहितेय, एकात कोंबत नाही.

वेळेचं सांगते कारण कुणी आधी सांगत नाही. एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच ते सहा तास जातात, मागे हॉर्न आणि कुकर असेल तर जास्त. पैसे देऊन दुसऱ्याकडून उतरवून घेऊ नका, संमती तुम्हाला दिलेली असते, त्यांना नाही. खर्च फार नाही, प्रिंट, पीएमटी, चहा, एक साधा रेकॉर्डर, सगळं मिळून 4,000 च्या आत. मुलाखतीचे पैसे कुणाला दिले नाहीत. धंद्याच्या वेळेत बोलावं लागलं तेव्हा भाजी घेतली, पण बोलणं झाल्यावर, आधी नाही, कारण आधी घेतली की माणूस गिऱ्हाईकाला बोलतो तसं गोड बोलतो.

23 नोव्हेंबर

पद्धतीचं प्रकरण मॅडमनी वाचलं. त्यांनी दोन बदल सांगितले. एक, 22 पैकी इतक्या टक्क्यांना यादी मिळाली नाही असं एका ठिकाणी लिहिलं होतं, ते काढायला लावलं, 22 जणांवर टक्के लावायचे नाहीत, "22 पैकी 19 जणांना यादी मिळाली नाही" असंच लिहायचं आणि ते शहराबद्दल नाही तर या 22 जणांबद्दल आहे हे त्याच वाक्यात सांगायचं. दोन, पायलटचे 35 फॉर्म टाकून न देता परिशिष्टात ठेवायचे, दोन्ही प्रश्नांच्या शब्दांसकट, म्हणजे 20 पैकी 5 वरून 15 पैकी 11 कसं झालं ते वाचणाऱ्याला दिसेल.

माहिती अधिकाराची उत्तरं अर्ध्या कार्यालयांकडून आली, त्यातल्या एकात जप्तीची संख्या आणि दंड आहे पण यादी दिली का या रकान्यात "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" एवढंच. बाकीच्यांची मुदत उलटली म्हणून पहिलं अपील केलं, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अपील मुदत संपल्यापासून 30 दिवसांत करावं लागतं. ती उत्तरं येतील तेव्हा प्रकरण 4 मध्ये जातील, नाही आली तर तो रकाना रिकामा छापणार आणि अर्जाच्या तारखा खाली देणार.